पणतीचा उजेड येतो तर डबा काळा पडतो, डबा दिसतो तर उजेड मरतो: फोटोतला हा घोळ कसा सोडवायचा

दिवाळीच्या तोंडावर वस्तूंचे फोटो काढायला घेतले की ही अडचण हमखास येते. मांडणी साधीच असते. उटण्याचा पांढऱ्या पुठ्ठ्याचा डबा, त्यावर सोनेरी फॉइलची अक्षरं, शेजारी दोन पेटलेल्या मातीच्या पणत्या, खाली लाकडी पाट आणि मागे मातकट रंगाची पाटी. समोर उभं राहून बघितलं तर सगळं झकास दिसतं. फोटोत मात्र दोनांतलं एकच हाती लागतं. एक तर पाटावरचा पिवळा उजेड सुरेख येतो, पण डब्यावरचं नाव वाचता येत नाही. नाही तर डबा स्वच्छ दिसतो, पण पणत्या विझल्यासारख्या दिसतात आणि ज्योत म्हणजे नुसता पांढरा ठिपका उरतो.

मग बहुतेक जण कॅमेऱ्यात एक्स्पोजर वरखाली करत बसतात. त्याने काही साधत नाही, कारण डब्याचा उजेड आणि पणतीचा उजेड ही दोन वेगळी कामं आहेत आणि एक्स्पोजरचं बटण दोन्ही एकदम हलवतं. हे दोन उजेड एकमेकांपासून सोडवणं हाच उपाय. तो करायचा कसा आणि करताना कुठे काय अडतं, ते इथे याच डब्याच्या उदाहरणावर सांगतो.

मुळात अडतं कुठे

मेणबत्तीएवढी एक ज्योत १० सेंटिमीटरवर साधारण १०० लक्स उजेड देते. २० सेंटिमीटरवर तोच २५ होतो आणि ३० वर जेमतेम ११. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. पणतीची ज्योत बारीक असेल तर आकडे आणखी कमी धरा. आता पाटीवर पणतीचे ५० लक्स पडलेत असं समजू. डबा दिसावा म्हणून समोरून एक मोठा लाईट लावला आणि त्याचे २०० लक्स पाटीवरही गेले. मग पणतीच्या उजेडातला भाग २५० आणि बाकीची पाटी २००. उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की फोटोच्या भाषेत एक स्टॉपचा फरक. हा फरक जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा, म्हणजे डोळ्याला जाणवतही नाही. पणती जळतेच आहे, तिचा उजेडही पाटीवर आहे, फक्त तो बुडून गेलाय.

तेच पाटीवर जाणारा लाईट अडवून १२ लक्सवर आणला, तर ६२ विरुद्ध १२ असं होतं. फरक दोन स्टॉपच्या वर जातो आणि उजेडाचं वर्तुळ ठसठशीत उठून दिसतं. यात डब्यावरचा लाईट कमी करायचा नाही. कमी करायचा तो पाटीवर आणि पाटावर सांडणारा भाग. «लाईट मंद करा» हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धवट आहे. नुसता मंद केला की डबाही अंधारात जातो आणि आपण पहिल्याच दुखण्याकडे परत येतो.

दुसरी अडचण ज्योतीची. उजळलेल्या पाटीपेक्षा ज्योत स्वतः शेकडो पट तेजस्वी असते. फोटोच्या भाषेत ८ ते ९ स्टॉपचा फरक, आणि पाटी जरा लांब असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे पाटीवरचा उजेड नीट यावा म्हणून घेतलेल्या फोटोत ज्योतीचा गाभा पांढरा होणारच. तो कुठल्याही कॅमेऱ्यात होतो, त्यावरून कॅमेरा बदलायची गरज नाही. त्याचं काय करायचं ते पुढे येईल.

लाईट लावण्याआधी पणती नीट लावा

दिव्याखाली अंधार ही म्हण फोटोत अगदी शब्दशः भेटते. माती अपारदर्शक आहे, त्यामुळे पणतीचा काठच तिच्या उजेडाला अडवतो. ३ सेंटिमीटर उंच आणि साधारण ६ सेंटिमीटर रुंद पणती घ्या. तिच्या मधोमध फुलवात उभी केली आणि ज्योतीचा मधला भाग काठाच्या दीड सेंटिमीटर वर राहिला, तर चारही बाजूंना काठापासून सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत पाट काळा राहतो. म्हणजे ज्या पाटावर उजेड हवा, तिथेच पणतीभोवती काळं कडं पडतं.

लांब वात घेतली आणि ती पणतीच्या चोचीवर टेकवून टोक ४-५ मिलिमीटर बाहेर काढलं, की चित्र बदलतं. ज्योत काठाच्या अगदी कडेला येते आणि चोचीच्या बाजूला उजेड जवळजवळ पणतीच्या पायापासूनच पाटावर उतरतो. उलट बाजूला मात्र ज्योतीला आख्खी पणती आडवी येते आणि तिकडे १२ सेंटिमीटरपर्यंत सावली पसरते. तेव्हा चोच कुठे वळवली यावर बरंच काही ठरतं. सवयीने चोच कॅमेऱ्याकडे करून पणत्या मांडल्या जातात. मग डबा आणि पणती यांच्यामधला पाट अंधारात जातो आणि सगळा उजेड फोटोच्या पुढच्या रिकाम्या जागेवर पडतो. चोच डब्याच्या मागच्या कोपऱ्याकडे तिरकी वळवा. ज्योत कॅमेऱ्याला तरीही पूर्ण दिसते आणि उजेड डब्याची बाजू, त्यामागचा पाट आणि पाटी अशा तिन्ही ठिकाणी जातो.

पणती उठून दिसावी म्हणून तिच्याखाली ठोकळा ठेवायचा मोह होतो, तो टाळा. पणती जितकी उंच, तितकी तिच्या काठाची सावली पाटावर लांब जाते.

वात फार बाहेर काढली तर ज्योत लांबते, लवते आणि काजळी धरते. पांढऱ्या डब्याशेजारी काजळी म्हणजे डोकेदुखीच, कारण ती पुसायला गेलं की पुठ्ठ्यावर फराटा उठतो. वातीच्या टोकावर जळका गोळा तयार झाला असेल तर चिमट्याने काढून टाका. तेल काठाखाली अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत भरलेलं ठेवा. तेल खाली गेलं की वातीला वर चढायला पुरत नाही आणि ज्योत हळूहळू लहान होते. मग पहिल्या आणि विसाव्या फोटोतला उजेड जुळत नाही आणि दोष कॅमेऱ्यावर जातो. पेटवल्यावर तीन-चार मिनिटं ज्योत स्थिरावू द्या. पंखा आणि एसी बंद ठेवा, पणतीच्या समोर उभं राहून बोलू नका.

कोरी पणती तेल पिते आणि तळातून पाझरवते. पाटावर काळपट तेलकट गोल उमटतो. शिवाय जवळच्या पुठ्ठ्याला तेल लागलं की तो डबा फोटोच्या कामातून बाद. कोऱ्या पणत्या काही तास पाण्यात भिजवून, वरून पूर्ण कोरड्या करून वापरल्या की हे बरंच कमी होतं. रंगवलेल्या पणत्या भिजवता येत नाहीत, रंग सुटतो. त्यांच्याखाली तळापेक्षा थोडा लहान कापलेला फॉइलचा गोल ठेवा, तो दिसत नाही.

उजेड कशावर पडतोय

काळं मखमली कापड पणतीचा उजेड गिळून टाकतं. चकचकीत काळं ॲक्रिलिक उजेड पसरवत नाही, नुसतं ज्योतीचं प्रतिबिंब दाखवतं. ते दिसायला छान, पण मऊ उजेडाचं वर्तुळ त्यावर मिळायचं नाही. पांढरी पाटी उजेड भरपूर दाखवते, पण तीच डब्याच्या लाईटचा सांडलेला उजेडही तितकाच दाखवते आणि पांढरा डबा तिच्यापुढे हरवतो. मधल्या छटेचा मॅट पृष्ठभाग सगळ्यात सोयीचा: पॉलिश न केलेलं तपकिरी लाकूड, गेरूच्या किंवा मातीच्या रंगाची मॅट पाटी, जाडंभरडं खादीचं कापड. पाटी ज्योतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा. २० वर नेली की उजेड दोन स्टॉप पडतो आणि पसरटही होतो.

एवढं करूनही पाटीवरचा उजेड अपुरा वाटला, तर एक जुनी युक्ती आहे. फोटोत दिसणारा उजेड दिसणाऱ्याच पणतीचा असला पाहिजे असं काही नाही. चौकटीच्या बाहेर, कडेला लागून आणखी दोन-तीन पणत्या लावा, किंवा डब्याच्या मागे एक लपवा (पुठ्ठ्यापासून १० सेंटिमीटर राखून). त्यामुळे पाटीवरचा उजेड एक-दीड स्टॉप वाढतो आणि दिसणारी ज्योत आहे तशीच राहते. म्हणजे ज्योत आणि पाटी यांच्यातली दरीही तेवढी कमी होते.

दोन उजेड वेगळे बसवा

इथून पुढचं ट्रायपॉड आणि एक साधा सुटा फ्लॅश धरून सांगतो. फ्लॅशचा उपयोग त्याच्या एका गुणामुळे आहे. त्याचा लखलखाट सेकंदाच्या अगदी छोट्या भागात संपतो, म्हणून शटर १/२०० असो की १/४, फ्लॅशचा उजेड फोटोत तेवढाच येतो. पणतीचा उजेड मात्र शटर जितका वेळ उघडा तितका साठत जातो. याचा अर्थ शटर हा पणतीचा नळ आणि फ्लॅशची पॉवर हा डब्याचा नळ. ॲपर्चर आणि आयएसओ दोघांनाही सारखेच हलवतात, म्हणून ते एकदा ठरवून परत हात लावायचा नाही.

आपल्या मांडणीसाठी एफ ८ आणि आयएसओ ८०० घ्या. एफ ८ ला डबा आणि पणत्या दोन्ही फोकसमध्ये राहतात. डब्यावरच्या अक्षरांवर फोकस करा आणि तो मॅन्युअलवर टाकून कुलूपबंद करा, कारण पणतीच्या उजेडात ऑटोफोकस भरकटतो. व्हाईट बॅलन्सही हाताने ठरवा आणि फोटो रॉ मध्ये घ्या.

पहिल्यांदा खोलीतले सगळे दिवे बंद करा, पडदे ओढा आणि फ्लॅश बंद ठेवा. फक्त पणत्यांवर फोटो घ्या. १/४ सेकंदापासून सुरुवात करा. १० सेंटिमीटरवरची मधल्या छटेची पाटी या सेटिंगला साधारण बरोबर येते. उजेडाचं वर्तुळ आवडेल तसं होईपर्यंत शटर हलवा. डबा काळा दिसेल, त्याकडे आत्ता बघायचंच नाही. हे होईपर्यंत फ्लॅश काढूच नका. दोन्ही एकदम सुरू केले की नेमकं काय चुकतंय ते कळेनासं होतं.

मग शटर १/२०० वर न्या. आपल्या कॅमेऱ्याची फ्लॅश सिंकची मर्यादा, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/१६० असेल तर तिथे थांबा. या वेगाला पणत्यांचा उजेड जवळजवळ नाहीसा होतो, म्हणजे आता जे दिसेल ते निव्वळ फ्लॅशचं. फ्लॅश लहान सॉफ्टबॉक्समध्ये घालून डब्याच्या बाजूने, जरा वरून, ६०-७० सेंटिमीटरवर लावा. सॉफ्टबॉक्सला जाळी असेल तर ती बसवाच. पॉवर १/६४ पासून सुरू करा. आयएसओ ८०० ला एवढीही पुरते आणि १/१ ची सवय असलेल्यांना ती फसवी वाटते. डबा नीट दिसला की नजर डब्यावरून काढून पाटीकडे आणि पाटाकडे न्या. तिथे उजेड सांडलेला दिसला तर काळा कार्डशीट फ्लॅश आणि पाटीच्या मध्ये धरून तो अडवा. कार्ड चौकटीच्या अगदी कडेपर्यंत आणावं लागतं. लांबून धरलेलं कार्ड काही अडवत नाही. या फोटोत डबा एकटाच अंधारात तरंगतोय असं दिसलं, म्हणजे काम झालं.

आता शटर परत १/४ वर आणा आणि फ्लॅशसकट फोटो घ्या. दोन्ही उजेड जागच्या जागी बसलेले दिसतील. डबा थोडा जास्त वाटला तर फक्त फ्लॅशची पॉवर कमी करा. पाटी कमी वाटली तर फक्त शटर जास्त वेळ उघडा ठेवा. एवढं साधलं की प्रत्येक नव्या वस्तूला फक्त फ्लॅशचा नळ हलवायचा.

डबा किती उजळ ठेवायचा यावर मतं असतात. पाटीवरच्या सगळ्यात उजळ भागापेक्षा डब्याची पुढची बाजू अर्धा ते एक स्टॉप वर ठेवली की नाव झटकन वाचता येतं आणि डबा पणत्यांमध्येच ठेवल्यासारखा वाटतो. दोन स्टॉपच्या वर गेलं की डबा वेगळा काढून चिकटवल्यासारखा दिसतो. अशा फोटोंना गिऱ्हाईक लगेच «एडिट केलंय» म्हणतं.

डबा निळा, नाही तर पाटी लालभडक

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड केशरी. ज्योतीचा रंग सुमारे १९०० केल्व्हिन, फ्लॅशचा सुमारे ५५००. दोघांत एवढं अंतर असल्यावर कॅमेऱ्याने कोणाची बाजू घ्यायची? व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर तो मध्येच कुठेतरी थांबतो. मग ज्योत फिकट पिवळी आणि डबा निळसर होतो, आणि दर फोटोला वेगळा. ५५०० वर ठेवला तर डबा बरोबर येतो, पण पणतीचा उजेड लालसर केशरी आणि भडक होतो. पाटीवर सपाट केशरी डाग दिसतो, त्यात लाकडाची रेघही दिसत नाही. हा डाग म्हणजे लाल चॅनल फुटलाय, लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे गेलेत. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, म्हणून हे लक्षात येत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम उघडला की लाल उजवीकडे भिंतीला टेकलेला दिसतो.

यावर उपाय म्हणजे फ्लॅशला पणतीच्या दिशेने थोडं आणायचं. फ्लॅशवर अर्ध्या सीटीओची जेल, म्हणजे उजेड केशरी करणारा पारदर्शक कागद, लावा, रंग ३४०० केल्व्हिनच्या आसपास येतो. कॅमेरा ३६०० ते ३८०० वर ठेवा. पांढरा डबा पांढराच, किंचित उबदार दिसतो आणि पणतीचा उजेड सोनेरी येतो. जेलमुळे अर्धा स्टॉप उजेड जातो, तो फ्लॅशच्या पॉवरने भरून काढा. पूर्ण सीटीओ लावून डबा आणि पणती यांच्या रंगातलं अंतर आणखी कमी करता येतं, पण मग पणतीची ऊबही फोटोत कमी होते. उटण्यासारख्या वस्तूला अर्धी जेल पुरे. डब्यावर ठरलेला ब्रँडचा रंग असेल आणि तो तंतोतंत जुळायला हवा असेल, तर याच लाईटमध्ये एक फोटो राखाडी कार्ड धरून घ्या. कार्ड डब्याच्या पुढच्या बाजूला टेकवून धरा. पणतीकडे तोंड करून धरलं तर ते चुकीचा रंग सांगेल.

ज्योत पांढरा गोळा का होते

गाभा पांढरा आणि कडेला पिवळी-केशरी किनार असेल तर ज्योत ठीक आहे, तिला हात लावू नका. खऱ्या ज्योतीकडे बघितलं तरी गाभा डोळ्यांना जवळजवळ पांढराच वाटतो. अडचण तेव्हा, जेव्हा किनारही जाते आणि ज्योतीचा आकार फुग्यासारखा होतो. त्याची कारणं बहुधा दोन. एक म्हणजे १/४ सेकंदात ज्योत हलते आणि तिच्या सगळ्या हालचाली एकावर एक साठतात. दहा-बारा फोटो सलग घेतले की त्यांत दोन-तीन तरी स्थिर ज्योतीचे निघतात. दुसरं कारण जास्त एक्स्पोजरचं. तिथे शटरचा वेळ कमी करून वर सांगितल्याप्रमाणे चौकटीबाहेर पणत्या वाढवा.

तरीही ज्योतीचा नेमका आकार हवाच असेल, मोठ्या पोस्टरसाठी वगैरे, तर ज्योतीचा वेगळा फोटो घ्या. कॅमेरा, फोकस, एफ ८ सगळं जिथल्या तिथे. फक्त आयएसओ १०० करा, शटर १/२०० करा आणि फ्लॅश बंद. त्यात ज्योतीचा पूर्ण आकार येतो, अगदी वातीजवळचा गडद भाग आणि निळी बुडखीसुद्धा. हा फोटो मूळ फोटोवर वेगळी लेयर म्हणून ठेवा आणि मास्कने फक्त ज्योत उघडा. मास्कची कड चांगली मऊ ठेवा. इथे लेयर लाइटन मोडला टाकण्याची चूक फार होते. लाइटन दोघांतलं जे जास्त उजळ ते ठेवतं, आणि जास्त उजळ तर तो पांढरा गोळाच आहे, म्हणून काही बदललेलं दिसत नाही. मोड नॉर्मलच ठेवायचा. ज्योत पूर्ण गडद वाटली तर लेयरची ओपॅसिटी ६०-७० टक्क्यांवर आणा. नाही तर उजळलेल्या पाटीपुढे ती कागदातून कापल्यासारखी दिसते.

फोटोत ज्योतीची आणखी एक फिकट, उलटी प्रतिमा भलत्याच ठिकाणी दिसते का? चौकटीच्या मध्यबिंदूच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला असेल, तर ती लेन्सवरच्या संरक्षक काचेची करामत आहे. यूव्ही फिल्टर काढा, ती जाते. लेन्स पुसत बसायची गरज नाही.

अक्षरं वाचता येत नाहीत, फोकस तर बरोबर आहे

सोनेरी फॉइल आरशासारखं वागतं. त्याला समोर जे दिसतं ते ते दाखवतं. खोली अंधारी असली की अक्षरं काळी दिसतात, मग डब्यावर कितीही लाईट मारा. लाईट वाढवला की पुठ्ठा पांढराफटक होतो आणि अक्षरं काळीच राहतात. कॅमेऱ्याच्या जागेवर डोळा नेऊन अक्षरांत काय दिसतंय ते बघा, आणि त्याच जागी पांढरा कार्डशीट धरा. डबा सरळ कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल तर ती जागा म्हणजे लेन्सच्या आजूबाजूची. म्हणून डबा १०-१५ अंश बाजूला वळवणं सोपं पडतं. मग कार्ड एका बाजूला उभं करता येतं आणि फ्लॅशचा थोडा उजेड त्यावर पडला की अक्षरं एकदम सोनेरी होतात. कार्ड अर्ध्याच अक्षरांना दिसेल असं सरकवलं तर फॉइलवर उजळ ते गडद असा उतार मिळतो. सपाट पिवळ्या अक्षरांपेक्षा तो कितीतरी खरा वाटतो.

दुसरा प्रकार जरा चकवणारा आहे. काही अक्षरं तीक्ष्ण आणि काही पुसट, पुढच्या फोटोत पुसट अक्षरं वेगळी. हा फोकसचा दोष नाही. पणती डब्याच्या पुढ्यात ठेवलेली असते आणि ज्योतीवरची गरम हवा लेन्स आणि अक्षरं यांच्यामधून वर जाते. त्या हवेत अक्षरं लहरतात. पणती १०-१२ सेंटिमीटर बाजूला घ्या, म्हणजे ज्योतीच्या वरच्या उभ्या रेषेत अक्षरं येणार नाहीत. डबा जळण्याच्या दृष्टीनेही तेच बरं. ज्योतीच्या बाजूला १० सेंटिमीटर अंतर पुठ्ठ्याला पुरतं, पण ज्योतीच्या वर झुकलेलं झाकण, झेंडूची सुकी पाकळी किंवा तोरणाचं टोक याला ते पुरत नाही. ओलं फडकं हाताशी असू द्या.

मोबाइलवर काढायचा असेल तर

मोबाइलच्या फ्लॅशचा इथे उपयोग नाही. तो लेन्सला चिकटून असतो आणि डबा, पाट, पाटी सगळ्यांवर सारखाच पडतो. सतत जळणारा एलईडी पॅनल लागतो, आणि मग शटरचा नळ हातातून जातो, कारण शटर बदललं की पॅनल आणि पणती दोन्ही एकत्र हलतात. इथे सगळी भिस्त प्रमाणावर. पॅनलचा रंग ३२०० च्या आसपास ठेवा, तो बाजूला लावा, पाटीकडचा भाग काळ्या कार्डाने अडवा. आधी पणत्यांचा उजेड बघा, मग पॅनल शून्यापासून हळूहळू वाढवत डबा वाचता येईल इथे थांबा. सगळ्यात कमी ब्राइटनेसलाही तो जास्त होत असेल तर लांब न्या. दुप्पट अंतरावर दोन स्टॉप कमी होतो.

नाइट मोड बंद करा. तो अनेक फोटो एकत्र करतो, त्यात हलणाऱ्या ज्योतीचे दोन-तीन आकार उमटतात. एचडीआर बंद करता येत असेल तर तेही करा, कारण ते अंधारा भाग उचलून पाटी सगळीकडे सारखी करतं आणि आपण मेहनतीने वाचवलेला फरक घालवतं. स्क्रीनवर डब्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बोट खाली ओढत पाटीवर उजेडाचं वर्तुळ स्पष्ट दिसेपर्यंत फोटो गडद करा. डबा त्यात काळवंडला तर एक्स्पोजर परत वर ओढू नका, पॅनल एक टप्पा वाढवा. फोटोत आडवे पट्टे दिसले तर तो पॅनलचा लपलपाट आहे. कॅमेरा ॲपच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे बहुधा जातात. १/५० ला पाटी फारच गडद आली तर आयएसओ वाढवण्याआधी पणत्या पाटीजवळ सरकवा. १० वरून ७ सेंटिमीटरवर आणल्या तरी उजेड दुप्पट होतो, मात्र पाटी लाकडाची किंवा कापडाची असेल तर त्याहून जवळ नेऊ नका.